आगळाची बाटली फोटोत काळी का येते?

प्रश्न : मी राजापूरजवळ राहते. उन्हाळ्यात घरी कोकमाचं आगळ काढते आणि अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटल्यांत भरून विकते. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर आधी फोटो मागतात. आगळाचा रंग प्रत्यक्षात इतका सुंदर असतो, पण फोटोत बाटली काळीठिक्कर येते, जणू आत काकवी भरली आहे. कुणी सुचवलं म्हणून मागे पांढरा कार्डशीट लावला, तर तोही फोटोत मळकट राखाडी दिसतो. अंगणात उन्हात नेलं तर काच लखलखते आणि बाजूला काळी सावली पडते. रात्री दिवा लावून काढलं तर सगळंच पिवळं. मुलगा म्हणतो, फोन जुना झालाय. नवा घ्यावा का?

उत्तर : ताई, फोनसाठी पैसे काढू नका. तुमच्या पत्रात चार वेगवेगळी कोडी एकत्र आली आहेत : उन्हातली काळी सावली, रात्रीचा पिवळेपणा, राखाडी कागद आणि काळं आगळ. चारही एकाच फोनवर दिसतात, म्हणून दोष फोनचा वाटतो. प्रत्यक्षात चारांची कारणं निराळी आहेत आणि त्यांतलं एकही कारण फोनच्या वयाशी बांधलेलं नाही. तुमचं पत्र वाचून मी आमच्याकडची आगळाची बाटली घेऊन दोन सकाळी खिडकीपाशी बसलो. माझा फोनही चारेक वर्षांचा आहे. जे जमलं ते क्रमाने सांगतो.

आधी ऊन. भरपूर उजेड म्हणजे चांगला फोटो, असा आपला समज असतो. पण फोटोत उजेड किती आहे यापेक्षा तो केवढ्या जागेतून येतोय याला जास्त महत्त्व असतं. रात्री हात लांब करून करंगळी चंद्रासमोर धरा, चंद्र तिच्यामागे सहज लपेल. सूर्यही आकाशात तेवढाच दिसतो. एवढ्याशा ठिपक्यातून उजेड येत असला की बाटली त्याला एकदम अडवते, आणि जिथे अडला तिथे गडद, कापल्यासारखी सावली पडते. काचेवर त्या ठिपक्याचं प्रतिबिंब पडतं, तोच तुमचा लखलखाट.

आता बाटली खोलीत, खिडकीपासून दोन फुटांवर आणा. तिच्या बाजूने पाहिलं तर तीन-चार फूट रुंदीची खिडकी म्हणजे उजेडाची एक अख्खी भिंत आहे. खिडकीच्या एका कोपऱ्यातून येणारा उजेड बाटलीने अडवला, तरी दुसऱ्या कोपऱ्यातला त्या जागी पोचतोच. म्हणून सावलीची कड विरघळत जाते आणि बाटलीची गोलाई डोळ्यांना कळते. उजेड उन्हापेक्षा कितीतरी कमी असतो, पण फोनला तेवढा पुरतो.

अट एकच, त्या खिडकीतून थेट ऊन आत येता कामा नये. जमिनीवर कवडसा पडला असेल तर तुम्ही पुन्हा अंगणातच आहात असं समजा. पूर्वेची खिडकी असेल तर दुपारी, पश्चिमेची असेल तर सकाळी काम करा. उत्तरेची खिडकी दिवसभर चालते असं सांगतात, ते बरंचसं खरं आहे. मात्र आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे कलून उगवतो आणि मावळतो, त्यामुळे तुमच्या ऐन हंगामात, एप्रिल-मेमध्ये, उत्तरेच्या खिडकीतूनही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आत शिरतं. तसं झालं तर खिडकीच्या चौकटीला बटर पेपर चिकटवा किंवा जुनं पांढरं धोतर एकपदरी ताणून बांधा. ऊन त्या कापडावर पसरतं आणि कापडच दिव्याचं काम करतं. याचा आणखी एक फायदा पुढे काचेच्या वेळी होणार आहे, म्हणून ऊन नसलं तरी बटर पेपर हाताशी ठेवाच. रंगीत पडदा मात्र बाजूला सारा, कारण त्यातून आलेला उजेड रंग घेऊन येतो.

रात्रीच्या पिवळेपणाचं उत्तर इथेच येतं. घरातला पिवळा दिवा आणि दिवसाचा उजेड यांचे रंग खूप वेगळे असतात. आपला डोळा ते मनातल्या मनात सारखं करून घेतो, म्हणून दिव्याखालचा भातही आपल्याला पांढराच वाटतो. फोनही ही दुरुस्ती करायला बघतो आणि उजेड एकाच प्रकारचा असेल तर त्याला बऱ्यापैकी जमतं. पण दिवसा खिडकीपाशी बसून ‘जरा जास्त उजेड बरा’ म्हणून आपण वरचा दिवाही लावतो, तेव्हा त्याची पंचाईत होते. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते, आणि कागद खिडकीकडे निळसर तर दिव्याकडे पिवळसर दिसतो. म्हणून दिवसा काम करा आणि खोलीतले सगळे दिवे बंद ठेवा, फ्लॅशसुद्धा. भिंतीही पाहून घ्या. कोकणातल्या बऱ्याच घरांत हिरवा किंवा गुलाबी ऑइलपेंट असतो. भिंत बाटलीच्या अगदी जवळ असेल तर तो रंग कागदावर उतरतो, आणि आपण उगाच फोनच्या सेटिंगमध्ये खुडबुड करत बसतो.

आता राखाडी कागद. पांढरा कागद राखाडी का यावा, हा प्रश्न मला फार आवडला, कारण इथे फोन नेमून दिलेलं काम चोख करतोय. समोर पांढरा कागद आहे की नुसताच फार उजेड आहे, हे त्याला खात्रीने ओळखता येत नाही. त्याचा अंदाज असा, की कुठलंही साधारण दृश्य उजळ आणि गडद मिळून मधल्या छटेचं असतं. म्हणून चौकटीत तीन चतुर्थांश पांढरा कागद दिसला की त्याला वाटतं, उजेड अति झाला. तो फोटो गडद करून कागद मधल्या छटेवर, म्हणजे राखाडीवर आणतो. कागदाबरोबर बाटलीही गडद होते. तुमचं आगळ आणखी काळं होण्यात पांढऱ्या कार्डशीटचाही वाटा आहे, तो असा.

उपाय फोनमध्येच आहे. कॅमेरा उघडून पडद्यावर बाटलीला बोट लावा. बहुतेक फोनवर शेजारी छोट्या सूर्याचं चिन्ह येतं, ते हळूहळू वर सरकवा. कागद उजळायला लागेल. कुठे थांबायचं? लेबलवरची बारीक अक्षरं अजून स्वच्छ वाचता येतात आणि कागदाची कड किंवा एखादी सुरकुती अंधूक तरी दिसते, तिथे थांबा. त्याच्या पुढे गेलात तर बाटलीच्या कडा पांढऱ्यात विरघळतात आणि त्या नंतर कुठल्याही ॲपमध्ये परत आणता येत नाहीत. जमलेला हिशेब फोनने पुढच्या क्षणी मोडू नये म्हणून सूर्य सरकवण्याआधीच बाटलीवर बोट थोडा वेळ दाबून धरा. बऱ्याच फोनवर त्याने उजेड आणि फोकस दोन्ही तिथेच पक्के राहतात.

तीन कोडी सुटली. आता आगळाकडे येऊ. वरचं सगळं नीट केलं तरी माझी पहिली बाटली काळीच आली होती. कागद छान पांढरा, सावली मऊ, आणि मधोमध काळा खांब.

याचं कारण कळायला एक छोटा प्रयोग करा. थोडं आगळ पांढऱ्या बशीत ओता. कडेला, जिथे थर पातळ आहे, तिथे ते गर्द गुलाबी-लाल दिसेल. मधे खोलगट भागात जांभळट-काळं. आगळ तेच आहे, बदलली ती जाडी. उजेड आगळात शिरला की लाल सोडून बाकीचे रंग वाटेतच शोषले जातात, आणि थर फार जाड असला तर लालही थकून संपतो. तुमच्या बाटलीची जाडी सहा-सात सेंटिमीटर असणार. समोरून किंवा बाजूने आलेला उजेड एवढ्या आगळातून फिरून फोनपर्यंत परत येणं शक्यच नाही. तो फक्त काचेवर आपटून परततो. त्यामुळे फोटोत चमक काचेची दिसते आणि आत काळोख.

म्हणजे लाल रंग हवा असेल तर उजेड मागून आला पाहिजे, आगळातून आरपार होऊन फोनकडे. त्यासाठी बाटली थेट खिडकीसमोर ठेवली तर लाल दिसेल, पण मागे खिडकीचे गज आणि परसातलं झाड दिसेल आणि लेबल अंधारात जाईल. त्यावर पेयांचे फोटो काढणारे एक जुनी युक्ती वापरतात, ती घरातही सहज जमते. बाटलीच्या मागे लपेल एवढाच एक तुकडा ठेवायचा, जो खिडकीचा उजेड पकडून बाटलीत ढकलेल.

मी मांडणी अशी केली. टेबल म्हणजे घड्याळाची तबकडी आणि बाटली मधोमध, असं समजा. माझा फोन सहावर, खिडकी नऊवर. खिडकीला बटर पेपर. पांढरा कार्डशीट बाटलीखालून मागे नेला आणि मागच्या खुर्चीच्या पाठीला चिमट्यांनी लावला, मधे घडी न घालता नुसता वळवून. घडी घातली की फोटोत आडवी रेघ येते. वळवला की टेबल कुठे संपलं आणि पडदा कुठे सुरू झाला ते कळत नाही. बाटली आणि मागचा उभा कागद यांच्यात हातभर अंतर ठेवलं. तीनवर, खिडकीच्या समोरच्या बाजूला, थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा केला. बाटलीची अंधारी बाजू त्याने थोडी उजळली.

मग युक्तीचा तुकडा. पोस्टकार्डाच्या जाडीचा पुठ्ठा बाटलीच्या आकारापेक्षा सगळीकडून अर्धा सेंटिमीटर लहान कापला. वरून मान आली तेवढा निमुळता केला. त्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल आधी चुरगळून, मग हाताने सपाट करून चिकटवली. न चुरगळता लावली तर उजेड एकाच पट्ट्यात येतो. चुरगळल्यावर तो पसरतो. हा तुकडा बाटलीच्या मागे, जवळजवळ चिकटून, मागे एक काडेपेटी टेकवून उभा केला. त्याचं तोंड सरळ फोनकडे ठेवू नका, खिडकीकडेही नको. दोन्हींच्या मधोमध, घड्याळात साडेसात वाजतात त्या दिशेला. खिडकीतून आलेला उजेड तिथून वळून आगळातून फोनकडे येतो. फोनच्या पडद्यावर बघत तुकडा दोन्ही बाजूंना थोडा थोडा फिरवायचा. एका जागी बाटलीचा खांद्याखालचा भाग अचानक माणकासारखा पेटतो. मला ती जागा सापडायला दहा मिनिटं लागली असतील, पण सापडल्यावर घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली.

याची मर्यादाही सांगतो. घट्ट आगळ भरलेल्या जाड बाटलीत मधला भाग एवढं करूनही गडदच राहतो. लाल रंग मानेशी आणि कडांना दिसतो. आणि लेबल बाटलीभर गुंडाळलेलं असेल तर तुकडा काहीच करू शकत नाही, कारण मागचं लेबलच उजेड अडवतं. फोटोपुरती एक बाटली फक्त समोर लेबल लावून तयार ठेवा. शिवाय बाटलीशेजारी साध्या काचेच्या ग्लासात तेच आगळ पाणी-साखर घालून सरबत करून ठेवा. पातळ झाल्यामुळे ग्लास आपोआप लाल दिसतो, आणि गिऱ्हाइकाला बाटलीत काय आहे हे एका नजरेत कळतं. ग्लासमागेही तसाच एक छोटा तुकडा चालेल. पण साधा पांढरा घ्या, फॉइल तिथे जास्त होते.

काच आहे, तेव्हा प्रतिबिंबांकडे लक्ष द्यायला हवं. बाटलीच्या डाव्या अंगाला खिडकीचा उभा पांढरा पट्टा दिसेल. तो घालवू नका, काच काच वाटते ती त्या पट्ट्यामुळेच. फक्त त्यात गजांच्या रेघा नकोत, आणि बटर पेपरचा दुसरा फायदा तो हाच : पट्टा स्वच्छ, सलग येतो. समोरच्या बाजूला आपण स्वतः दिसतो. माझ्या पहिल्या काही फोटोंत बाटलीच्या पोटावर माझा पांढरा सदरा होता. गडद कपडे घातले आणि थोडं मागे सरकलो, तेव्हा तो गेला. गोल रिंगचा दिवा घ्यावा का, असं पुष्कळ जण विचारतात. बाटलीवर त्याचं गोल कडं उमटतं, तुमच्या मालासाठी तो नको.

मागे सरकण्याचा आणखी एक फायदा आहे. फोन बाटलीच्या अगदी जवळ नेला की जवळचा भाग फुगतो आणि खालचा आक्रसतो. बाटली खांद्यात रुंद, बुडाशी बारीक दिसते. शिवाय फार जवळ गेल्यावर काही फोन आपण होऊन दुसऱ्या, रुंद भिंगावर उडी मारतात आणि चित्र भुरकट होतं. तीनेक फूट लांब राहा, पडद्यावर 2x दाबा, आणि फोन बाटलीच्या निम्म्या उंचीवर, सरळ उभा धरा. पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि तीन सेकंदांचा टायमर लावला तर हात हलल्याचा दोषही जातो. खिडकीच्या उजेडात फोन शटर थोडं सावकाश मिटतो, म्हणून हा दोष इथे जास्त जाणवतो. आणि सुरुवात करण्याआधी भिंग मऊ सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनच्या भिंगावर तेलकट बोट असतंच, आणि पांढऱ्या कागदावर धुकं दिसण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

शेवटी रंग. फोटो काढून झाला की ॲपमध्ये रंग भडक करायचा मोह होईल. लाल आणखी लाल केलात तर गिऱ्हाइकाच्या हाती बाटली पडल्यावर ती त्याला काळपट वाटेल आणि माल जुना आहे अशी शंका येईल. खाद्यपदार्थ दिसले की आपणहून रंग चढवणारी सोय फोनमध्ये चालू असेल तर ती बंद करा. डोळ्यांच्या आरामासाठी पडदा पिवळा करणारी सोयही तेवढ्यापुरती बंद ठेवा आणि खिडकीपाशीच बाटली पडद्याशेजारी धरून पाहा. दोन्ही रंग जवळपास जुळले की झालं. एकदा तुमच्या मुलाच्या फोनवरही बघा, कारण गिऱ्हाईक तुमच्या पडद्यावर बघणार नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना एचडीचा पर्याय निवडा, नाहीतर लेबलवरची अक्षरं वाटेतच पुसट होतात.

प्रश्न : मी तांदळाचे पापड आणि फेण्या विकते. माझी अडचण आगळाच्या उलट आहे. माल पांढरा, कागदही पांढरा. फोटोत पापड सापडतच नाही. इथेही सूर्याचं चिन्ह वर सरकवायचं का?

उत्तर : नाही, तुम्ही ते खाली आणा. पांढऱ्यावर पांढरं ठेवून उजेड वाढवला तर जे थोडंफार दिसतंय तेही जाईल. पण त्याआधी कागद बदला. पांढरी पार्श्वभूमी हा नियम नाही, साधी पार्श्वभूमी हा खरा मुद्दा आहे. तुमच्या पापडाला मातकट, राखाडी किंवा गडद निळा कागद घ्या, झिलई नसलेला. धुऊन मऊ झालेलं, इस्त्री केलेलं खादीचं एकरंगी कापडही चालेल; नक्षीचा टेबलक्लॉथ मात्र नको, डोळा नक्षीकडे जातो.

गडद कागद घेतलात की फोन उलट चूक करेल. आता त्याला वाटेल उजेड कमी आहे, म्हणून तो फोटो उजळ करेल, कागद फिकट राखाडी येईल आणि पापड पांढराफटक होईल. पापडावर बोट ठेवा आणि सूर्य खाली सरकवत राहा, पापडावरचे जिरे आणि बारीक फुगवटे उमटेपर्यंत.

फुगवटे दिसायला उजेड लोळत आला पाहिजे. पापड टेबलावर आडवा, खिडकी एका बाजूला, आणि टेबल खिडकीच्या तळाच्या पातळीला किंवा किंचित खाली. मग उजेड पापडाच्या अंगावरून घसरत जातो आणि प्रत्येक उंचवट्याच्या पलीकडे छोटी सावली पडते. आगळाला लावला तसा पांढरा थर्माकोल समोर लावू नका, त्याने याच सावल्या भरून जातील. फेणीच्या पाकळ्यांना सावल्या हव्यातच. फार गडद वाटल्या तर थर्माकोल दीड-दोन फूट लांब उभा करून बघा, आणि पाकळ्यांच्या कडा पुसायला लागल्या की काढून घ्या.

एक पापड कच्चा आणि शेजारी एक तळलेला, असा फोटो तुम्हाला हवा असेल तर कच्चा आधी मांडून सगळी जुळवाजुळव करून घ्या, बोट दाबून धरून मग सूर्य सरकवा, आणि तळलेला अगदी शेवटी आणून ठेवा. पावसाळी हवेत तो थोड्या वेळात मऊ पडतो आणि मधे बसतो, आणि ती मरगळ फोटोत लगेच दिसते.